शेजारचा खड्डा आणि आपल्या भिंतीचा तडा

“बिल्डर म्हणतो, माझ्या प्लॉटवर मी हवं तितकं खोदेन. तुमची बिल्डिंग जुनी, म्हणून तडे गेले. खरंय का हो?”

नाही. उलट जुनेपण तुमच्याच बाजूचं आहे. 1882 च्या इझमेंट कायद्याच्या कलम 7 नुसार शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार हा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क आहे. पण तो मोकळ्या जमिनीचा. इमारतीचं ओझं त्यात धरलेलं नाही. बिल्डर बोट ठेवतो ते इथेच. पुढचं कलम 15 मात्र तो सांगत नाही: इमारतीला तो आधार 20 वर्षं बिनतक्रार, अखंड मिळत आला असेल, तर इमारतीचाही हक्क पक्का होतो.

समजा, माहीममधली 1978 ची चार मजली सोसायटी. शेजारी बेसमेंटसाठी खड्डा, पंप रात्रंदिवस चालू. माहीमची माती रेताड. उपसलेल्या पाण्याबरोबर बारीक वाळूही जाते आणि पाया त्या बाजूला खचतो. पंपाचं पाणी गढूळ दिसलं, तर ताबडतोब फोटो काढा.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका चढणारा तडा, अचानक अडकणारं दार, ही खचण्याची लक्षणं. तड्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली, तर हालचाल अजून चालू आहे.

भरपाईच्या दाव्यासाठी खरोखर मोठं नुकसान दाखवावं लागतं. धोका समोर दिसत असेल, तर त्याआधीही कोर्टाकडे मनाई हुकूम मागता येतो.