वेरूळच्या रावणानुग्रह शिल्पात रस कसा ओळखावा
(आमच्यासोबत लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

कैलास लेण्याच्या, म्हणजे १६ क्रमांकाच्या लेण्याच्या, दक्षिणेकडील अंगणात मंदिराच्या खालच्या भागात हे शिल्प आहे. रावण कैलास उपटू पाहतो आहे आणि वर शिव-पार्वती बसलेली आहेत. लेणे ८व्या शतकातले, राष्ट्रकूटांच्या काळातले. इथे आपण निदान १५ मिनिटे थांबतो. वही-पेन्सिल जवळ ठेवा.

बहुतेक जण आधी चेहऱ्याकडे बघतात आणि ‘रावण रागावलाय, म्हणजे रौद्र’ असे ठरवून मोकळे होतात. इथेच वाट चुकते. पात्राच्या मनात असतो तो भाव. रस निर्माण होतो तो पाहणाऱ्याच्या ठायी, आणि तो एका चेहऱ्यातून येत नाही. नाट्यशास्त्र सांगते की विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते. तेव्हा शिल्पही याच क्रमाने वाचायचे.

विभाव म्हणजे भावाचे कारण. इथे ते आहे हललेला पर्वत. म्हणून नजर आधी खाली, रावणाच्या पोकळीत न्या. मूर्तिकाराने रावणाभोवतीचा दगड खोलवर कोरून काढला आहे, त्यामुळे तिथे सावली साठते आणि तो जवळजवळ मोकळा उभा वाटतो. अनेक हात पर्वताला भिडलेले आहेत.

अनुभाव म्हणजे भावाची शरीरावर उमटलेली खूण. आता वर या आणि फक्त दोन स्त्रिया पाहा. पार्वती दचकून शिवाकडे झुकली आहे, तिने त्याचा दंड धरला आहे. तिची दासी मात्र पाठ फिरवून पळत सुटली आहे. कारण एकच, पण एक शरीर शिवाकडे वळते आणि दुसरे दूर जाते. या शिल्पाचे सगळे मर्म आमच्या मते या फरकात आहे.

दासीच्या बाबतीत भय हाच स्थायी, म्हणजे टिकून राहणारा, भाव, कारण तिचे शरीर पळण्यापलीकडे दुसरे काही सांगत नाही. पार्वतीचे दचकणे हा मात्र व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन जाणारा. शास्त्रात त्याचे नाव ‘त्रास’. (आज आपण हा शब्द ज्या अर्थाने वापरतो तो इथे नाही. वीज कडाडल्यावर अंगात जी धडकी भरते, ती म्हणजे त्रास.) तो तिला शिवाच्या मिठीकडे ढकलतो आणि तिथे रती, म्हणजे प्रेम, या स्थायी भावाला पुष्ट करतो. म्हणून एकाच धक्क्यातून दासीकडे भयानक आणि पार्वतीकडे शृंगार उमलतो.

आता शिव. त्याच्या अंगात ताण दिसत नाही. तो पायाने नुसता पर्वत दाबतो. एवढ्या हातांचा जोर त्या एका पायापुढे थांबतो, तेव्हा पाहणाऱ्याला विस्मय वाटतो. प्रधान, म्हणजे अंगी, रस ठरतो अद्भुत. बाकीचे त्याची अंगे.

हे खरे का, ते तपासायची सोपी रीत आहे. थोडे मागे उभे राहा, एक डोळा मिटा आणि तळहात धरून शिवाची आकृती झाका. उरतात रावणाचा जोर आणि दोन घाबरलेल्या स्त्रिया: चित्र भयानकाचे होते. हात काढून आता दासी झाका. विस्मय कमी होतो, पण राहतो. जी आकृती झाकल्यावर रसच बदलतो, तिच्याभोवती अंगी रस बांधलेला असतो.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. हे शास्त्र रंगभूमीसाठी रचलेले आहे. तिथे भाव एकामागून एक येतात. दगडात एकच क्षण गोठतो. म्हणून मूर्तिकार क्रमाने येणारे भाव वेगवेगळ्या शरीरांत वाटून देतो. शिवाय सात्त्विक भाव, म्हणजे मनाच्या आवेगाने अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, आठ आहेत; त्यांपैकी घाम, आवाज फुटणे, रंग उडणे हे उघड्या दगडात दाखवताच येत नाही. ते शोधत बसू नका. झिजलेल्या-तुटलेल्या भागांवरही काही ठरवू नका. नसलेला हात मनाने जोडला की रसही आपणच ठरवलेला असतो.

अजिंठ्याच्या चित्रांना हीच रीत लावताना आणखी एक चूक होते. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिला आहे: शृंगाराला श्याम, रौद्राला लाल, बीभत्साला निळा. म्हणून चित्रात निळा दिसला की कोणी बीभत्स म्हणते. ते रंग रसांचे आहेत, भिंतीवरच्या रंगद्रव्यांचा तो कोश नव्हे. तिथेही आधी कारण शोधा, मग शरीर कुठे वळते ते बघा, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी या.