ब्रित आणि ‘निवडलेले लोक’

ब्रित हा हिब्रू शब्द आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘करार’ हा शब्द रूढ आहे. ज्यू (यहुदी) धर्मात देव आणि इस्राएल लोक यांच्यातील कायमच्या बांधिलकीला ब्रित म्हणतात, आणि या बांधिलकीसाठी देवाने ज्यांना बोलावले ते ‘निवडलेले लोक’. दोन्ही कल्पना एकत्रच समजून घ्याव्या लागतात. करार बाजूला ठेवून नुसती निवड पाहिली, की ती वरच्या दर्जाची घोषणा वाटू लागते. या विषयावरचे बहुतेक गैरसमज तिथूनच निघाले आहेत.

मराठी वाचकाची पहिली अडचण ‘करार’ या शब्दापाशीच येते. करार म्हटले की आपल्याला भाडेकरार आठवतो: दोन्ही पक्ष बरोबरीचे, अटी ठरवून घेतलेल्या, मुदत संपली की मोकळे. ब्रित तसे नाही. त्याचे जवळचे उदाहरण म्हणजे प्राचीन पश्चिम आशियातील सम्राटाने मांडलिकाशी केलेला तह. हित्ती आणि अश्शूरी राजांचे असे तह उत्खननात सापडले आहेत. त्यांपैकी हित्ती तहांत सम्राटाने मांडलिकासाठी आधी काय केले ते सांगतात, मग अटी येतात आणि शेवटी आशीर्वाद व शाप. बायबलमधील अनुवाद नावाच्या पुस्तकाची मांडणी त्याच्याशी बरीच जुळते. फरक असा, की इथे सम्राटाच्या जागी देव आहे आणि मांडलिकाच्या जागी एखादा राजा नसून सगळे लोक आहेत.

हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’: कारात ब्रित. या शब्दप्रयोगामागचे दृश्य बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात आहे. देवाच्या सांगण्यावरून अब्राम, ज्याला पुढे अब्राहाम म्हणतात, तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी आणि तीन वर्षांचा एडका उभे चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. पक्षी मात्र तो चिरत नाही. मांसावर गिधाडे झेपावतात, तो त्यांना हाकलत बसतो. सूर्य कलतो, त्याला गाढ झोप लागते, आणि अंधार पडल्यावर धुमसती भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांमधून पार जातात. अशा दोन अर्धुकांमधून चालणे म्हणजे ‘मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो’ अशी शपथ, हे यिर्मयाच्या 34व्या अध्यायावरून कळते. उत्पत्तीच्या या कथेत तुकड्यांमधून फक्त अग्नी जातो, अब्राम जात नाही. म्हणजे वचनात देव स्वतःला बांधून घेतो, माणसाकडून बदल्यात काही मागत नाही.

सीनाय पर्वताचा करार याहून वेगळा आहे. तिथे अटी आहेत. निर्गम या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात इस्राएल लोकांचा पुढारी मोशे बळीचे अर्धे रक्त वेदीवर टाकतो, कराराचे पुस्तक वाचून दाखवतो, लोक ‘नासे व-निश्मा’ म्हणजे ‘आम्ही करू आणि ऐकू’ असे म्हणतात, आणि मग उरलेले रक्त तो त्यांच्यावर शिंपडतो. आधी करू आणि मग ऐकू, या उलट्या क्रमावर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, पुष्कळ विचार केला. काय करायचे हे पुरते कळण्याआधीच लोकांनी होकार दिला, यात त्यांना श्रद्धेचे मर्म दिसले.

पुढे काही दिवसांतच लोक सोन्याचे वासरू ओतून त्याची पूजा करतात. करार मोडला, आज्ञांच्या दगडी पाट्या फुटल्या. तेव्हा मोशे देवाला आठवण देतो ती सीनायची नव्हे, तर अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना दिलेल्या शपथेची. अटींचा करार माणसाच्या हातून तुटतो, पण बिनअटीचे वचन त्याला सावरून धरते. माझ्या मते ज्यू विचारातली ही सर्वांत महत्त्वाची जोडणी आहे. मोडणाऱ्याला शिक्षा होते, पण नाते रद्द होत नाही. लेवीय 26 मध्ये शापांची लांब यादी संपल्यावर, शत्रूच्या देशात असतानाही मी त्यांच्याशी केलेला करार मोडणार नाही, असे देव म्हणतो.

निवडीची भाषा सीनायच्याच प्रसंगात येते. निर्गम 19 मध्ये देव म्हणतो की तुम्ही माझा करार पाळाल तर तुम्ही माझे ‘सगुला’ व्हाल, याजकांचे राज्य आणि पवित्र राष्ट्र व्हाल. सगुला म्हणजे राजाचा खासगी ठेवा. राजा दावीद मंदिरासाठी स्वतःजवळचे सोने-चांदी देतो तेव्हा इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात त्यासाठी हाच शब्द येतो. ‘सगळी पृथ्वी माझीच आहे’ हे वाक्यही त्याच ओळीत आहे, त्यामुळे बाकीचे लोक देवाचे नाहीत असा अर्थ इथून काढता येत नाही. याजकांचे राज्य या शब्दांतही एक सूचना आहे: याजक स्वतःपुरता नसतो, इतरांसाठी वेदीपाशी उभा असतो.

निवड का झाली? अनुवाद 7 म्हणते, तुमची संख्या जास्त म्हणून नव्हे, तुम्ही तर सगळ्यांत थोडे. देवाचे प्रेम होते आणि पूर्वजांना शपथ दिली होती म्हणून. दोनच अध्यायांनंतर सांगितले आहे की तुमच्या नीतिमत्तेमुळेही नव्हे, कारण तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. संदेष्टा आमोस तर आणखी पुढे जातो. ‘पृथ्वीवरच्या सर्व कुळांत मी तुम्हालाच ओळखले आहे,’ एवढे ऐकून श्रोते सुखावले असतील, तर पुढचे वाक्य असे: ‘म्हणून तुमच्या सर्व अपराधांबद्दल मी तुम्हाला शिक्षा करीन.’ त्याच संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय विचारतो, तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही का? इस्राएलांना मिसरातून आणले तसे पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अरामी लोकांना कीरहून मीच आणले ना?

ही निवड रोजच्या उपासनेत कुठे ऐकू येते, ते पाहण्यासारखे आहे. सभास्थानात तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, गुंडाळीतून वाचताना एकेकाला पुढे बोलावतात. तो आपल्या प्रार्थनेच्या शालीचे गोंडे गुंडाळीवर, जिथून वाचन सुरू होणार त्या शब्दाला लावतो, ते गोंडे चुंबतो आणि आशीर्वचन म्हणतो: ‘अशेर बाहार बानू मिकॉल हा-अम्मीम, व-नातान लानू एत तोरातो.’ अर्थ: ज्याने सर्व लोकांमधून आम्हाला निवडले आणि आपली तोरा आम्हाला दिली. निवड आणि तोरा एकाच वाक्यात, एका श्वासात येतात. कशासाठी निवडले, याचे उत्तर वाक्याचा दुसरा अर्धा देतो. तोरातील आज्ञा परंपरेने 613 मोजल्या जातात.

मग तोरा बाकीच्यांना का दिली नाही? मिद्राश म्हणजे शास्त्राचा अर्थ उलगडणारे रब्बींचे लेखन; त्या परंपरेतील एक कथा सांगते की देव आधी इतर राष्ट्रांकडे गेला होता. ‘त्यात काय लिहिले आहे?’ असे एकाने विचारले; ‘खून करू नको’ हे ऐकून त्याने नकार दिला. दुसऱ्याला व्यभिचाराची बंदी नको होती, तिसऱ्याला चोरीची. ही कथा स्वतःची पाठ थोपटणारी वाटेल. पण तालमुद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात तिच्या उलट दिशेची कथाही जपली आहे. देवाने सीनाय पर्वत पिंपासारखा लोकांच्या डोक्यावर उपडा धरला आणि म्हटले, स्वीकारलीत तर ठीक, नाहीतर इथेच तुमची कबर. यावर एक रब्बी लगेच हरकत घेतात की मग हा करार जबरदस्तीचा ठरतो. उत्तर येते की एस्तेरच्या काळात लोकांनी तो पुन्हा स्वेच्छेने स्वीकारला.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की ज्यूंच्या मते तारण फक्त ज्यूंचे. रब्बींच्या शिकवणीनुसार नोहाच्या वंशाला, म्हणजे सगळ्या मानवजातीला, सात नियम आहेत: मूर्तिपूजा, देवनिंदा, खून, अनैतिक शरीरसंबंध, चोरी आणि जिवंत प्राण्याचा अवयव खाणे यांना मनाई, आणि न्यायालये स्थापण्याची आज्ञा. राष्ट्रांमधील नीतिमानांना येणाऱ्या जगात वाटा आहे, हे मत तोसेफ्ता या रब्बींच्या शिकवणीच्या जुन्या संग्रहात आहे आणि मध्ययुगातला ज्यू तत्त्वज्ञ मायमॉनिडीजने ते आपल्या धर्मसंहितेत घेतले. म्हणूनच ज्यू परंपरेला इतरांचे धर्मांतर करण्याची घाई नाही.

दुसरा गैरसमज रक्ताचा. जन्मावरून श्रेष्ठत्व म्हटले की महाराष्ट्रातल्या वाचकाला जात आठवणे साहजिक आहे. ज्यू असणे बहुधा आईकडून येते हे खरे, पण दार बंद नाही. दावीदची पणजी रूथ मवाबी, म्हणजे परक्या लोकांतली, होती. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या धर्मांतरिताने मायमॉनिडीजला पत्राने विचारले की मी ‘आमच्या पूर्वजांचा देव’, ‘ज्याने आम्हाला निवडले’ असे म्हणावे का? माझे पूर्वज तर ते नव्हेत. उत्तर आले की सगळे जसेच्या तसे म्हण, काही बदलू नकोस. जो कोणी या मार्गावर येतो त्याचा पिता अब्राहामच आहे. आमची वंशावळ अब्राहाम, इसहाक, याकोबापर्यंत जाते, तुझी तर ज्याच्या शब्दाने जग झाले त्याच्यापर्यंत.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे की परंपरेत दुसरा सूरही आहे. स्पेनमधला कवी-तत्त्वज्ञ यहूदा हालेवी इस्राएलात पिढीजात चालत आलेला एक दैवी गुण मानतो आणि धर्मांतरित माणूस जन्मतः ज्यू असलेल्याच्या पूर्ण बरोबरीला येत नाही असे म्हणतो. काही गूढवादी ग्रंथ ज्यू आत्मा वेगळ्या जातकुळीचा मानतात. ‘श्रेष्ठत्व कोणीच शिकवले नाही’ हे म्हणणे म्हणूनच चूक. पण हा सूर म्हणजे संपूर्ण परंपरा, असे मानणे त्याहून मोठी चूक. मायमॉनिडीजच्या श्रद्धेच्या तेरा तत्त्वांत निवडीचा उल्लेखच नाही.

तिसरा गैरसमज ख्रिस्ती वाचनातून आला: जुना करार संपला, त्याची जागा नव्याने घेतली. ‘जुना करार’ हे पुस्तकाचे नावच ती भूमिका घेऊन येते. ज्यू लोक त्या ग्रंथांना तनाख म्हणतात. यिर्मया 31 मध्ये ‘नवा करार’ हे शब्द आहेत, पण तिथे तो ‘इस्राएलाच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी’ आहे. ज्यू वाचनात तो जुन्याच तोरेचे हृदयावर लिहिले जाणे ठरतो. कॅथलिक चर्चने 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, देवाने ज्यूंना टाकून दिले आहे असे मांडू नये, असे जाहीर केले.

निवडीची कल्पना सोडून द्यावी असे म्हणणारे ज्यूही आहेत. अमेरिकेतील रब्बी मोर्देकाय कॅप्लन यांनी प्रार्थनेतले ‘ज्याने आम्हाला निवडले’ हे शब्द काढून ‘ज्याने आम्हाला आपल्या सेवेजवळ आणले’ असे घातले. 1945 मध्ये त्यांचा प्रार्थनासंग्रह निघाला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सनातनी रब्बींनी त्यांना बहिष्कृत केले आणि त्या समारंभात त्या पुस्तकाची प्रत जाळली गेली.

कराराच्या खुणा कशा टिकतात याचे उदाहरण कोकणातल्या बेने इस्राएल समाजात आहे. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावला फुटले आणि सोबतचे ग्रंथ गेले. गावोगाव तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांकडे तोरा नव्हती, तालमुद नव्हता. तरी ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. मुलाची सुंता ते आठव्या दिवशी करत आणि ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना म्हणत. तोरेत माणसाने पाळायच्या ज्या दोन गोष्टींना देवाशी असलेल्या कराराची खूण म्हटले आहे, सुंता आणि शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, त्या दोन्ही त्यांनी सांभाळल्या. इस्रायलमध्ये गेल्यावर मात्र तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या वंशावळीची चौकशी मागितली. त्याविरुद्ध त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि 1964 मध्ये इस्रायली संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे मान्य केले.