टाळूच्या छायाचित्रावरून केसांचे वर्णन

ग्राहक समोर बसण्याआधीच त्याच्या डोक्याच्या छायाचित्रांवरून केसांचा प्रकार, दाटपणा आणि विरळ होण्याची ठेवण स्टायलिस्टसाठी शब्दांत लिहून देण्याची पद्धत. हे वर्णन कधी सलूनमधला सहायक लिहितो, कधी ग्राहक स्वतः. त्यावरून कात्री कुठे लावायची, भांग कुठून पाडायचा, रंग किती गडद ठेवायचा आणि जोडकेस लावायचे की नाही हे ठरते. वर्णनात फक्त दिसते ते लिहायचे असते. केस का गळतात हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञाचा आहे.

काय दिसते आणि काय दिसत नाही

छायाचित्रात दाटपणा थेट दिसत नाही. दिसते ती केसांमधून डोकावणारी त्वचा. एका चौरस सेंटिमीटरमध्ये किती केस आहेत हे मोजायला भिंगाचा कॅमेरा लागतो. साध्या छायाचित्रातून एवढेच कळते की टाळू किती झाकली गेली आहे. या दोन गोष्टींत फरक आहे, कारण झाकणे केसांच्या संख्येबरोबरच त्यांची जाडी, लांबी, वळण आणि केस व त्वचेच्या रंगातला फरक यांवरही अवलंबून असते.

यांतली जाडी सर्वांत जास्त फसवते. एखादा केस ०.०८ मिमी जाड होता आणि तो ०.०४ मिमी झाला, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ निम्मे होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे एकही केस न गळता टाळू उघडी पडू शकते. वयानुसार किंवा आनुवंशिकतेने होणाऱ्या विरळपणात सुरुवातीला असेच घडते. केस जागेवर असतात, पण वाढीच्या प्रत्येक फेरीत अधिक बारीक आणि आखूड उगवतात. म्हणून ‘केस कमी आहेत’ असे लिहिण्यापेक्षा ‘भांगाच्या दोन्ही कडांना बारीक, आखूड केस मिसळलेले दिसतात’ हे वाक्य स्टायलिस्टच्या जास्त कामाचे. बारीक केसांवर जड क्रीम किंवा जड जोडकेस चालत नाहीत, ही गोष्ट त्याला तिथेच कळते.

रंगाचेही तसेच. काळे केस आणि उजळ त्वचा असेल तर अरुंद भांगही पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. त्याच त्वचेवर पिकलेले केस असतील तर बरीच विरळ जागाही झाकून जाते. त्यामुळे केसांचा आणि त्वचेचा रंग वर्णनात लिहावाच लागतो. तो नसेल तर ‘दाट’ किंवा ‘विरळ’ या शब्दांना आधारच उरत नाही.

छायाचित्र कसे हवे

केस धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि कोणतेही जेल, तेल किंवा पावडर न लावलेले असावेत. ओले केस एकमेकांना चिकटून जाड बटा होतात आणि बटांमधली त्वचा उघडी पडते. तेलकट केसांचेही तेच. उलट विरळपणा लपवायची केसांची भुकटी लावली असेल तर भांग खोटाच अरुंद दिसतो. मुळाशी सगळीकडे एकसारखा, मॅट काळा ठिपकेदार थर दिसला की ही शंका घ्यावी.

प्रकाश खिडकीचा, बाजूने किंवा समोरून येणारा हवा. डोक्यावर थेट दिवा असेल किंवा फ्लॅश मारला असेल तर प्रकाश केसांमधून आत जाऊन त्वचेवर चमकतो आणि दाट डोकेही विरळ भासते. फोन अगदी जवळ धरल्यास मधला भाग फुगतो आणि भोवरा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. हातभर अंतरावरून दुप्पट झूम करून घेतलेले छायाचित्र जास्त खरे असते. चेहरा सुंदर करणारी सोय चालू राहिली तर कपाळाच्या कडेचे बारीक केस पुसले जातात, आणि केसरेषा जणू आखून काढल्यासारखी दिसते.

कमीत कमी चार कोन लागतात: मधोमध भांग पाडून वरून, भोवरा दिसेल असा मागून, आणि दोन्ही कानशिलांकडून. यांशिवाय मागच्या बाजूला, मानेच्या वर, एक आडवा भांग पाडून घेतलेले छायाचित्र असेल तर वर्णनाला मोजपट्टीच मिळते. डोक्याचा मागचा भाग आनुवंशिक विरळपणात सहसा सर्वांत शेवटी बदलतो. म्हणून पुढचा भांग दुसऱ्याच्या डोक्याशी ताडून पाहण्यापेक्षा त्याच व्यक्तीच्या मागच्या भांगाशी ताडून पाहावा. अर्थात सगळीकडे सारखेच केस गळत असतील तर मागचा भांगही रुंदावलेला असतो आणि ही तुलना कुचकामी ठरते.

केसांचा प्रकार

सरळ, लहरी, कुरळे आणि घट्ट कुरळे ही चार गटांची विभागणी सलूनमध्ये सर्वत्र चालते, आणि प्रत्येक गटाचे आणखी पोटभाग पाडण्याची प्रथाही आहे. वरून घेतलेल्या छायाचित्रात मुळाजवळचे काही सेंटिमीटरच नीट दिसतात आणि तिथे लहरी केसही सरळच वाटतात. वळण ओळखायचे ते मधल्या लांबीवर आणि टोकांना. केस सरळ करून घेतले असतील तर मुळाशी उगवलेला नवा भाग वळलेला आणि पुढचा सरळ असा जोड दिसतो. केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढतात. त्यामुळे तो जोड मुळापासून ४ सेंमीवर असेल तर सरळ करून अंदाजे चार महिने झाले असावेत, असे लिहिता येते. रंगवलेल्या केसांच्या न रंगवलेल्या मुळांवरूनही असाच हिशेब करता येतो.

बारीक आणि विरळ या दोन गोष्टींची गल्लत अनुभवी लोकांकडूनही होते. बारीक केस दाटही असू शकतात. एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून जवळून छायाचित्र घेतले तर बारीक की जाड याचा निदान अंदाज तरी येतो.

विरळ होण्याच्या ठेवणी

वैद्यकात यासाठी श्रेणी आहेत. पुरुषांसाठी हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये केलेली आणि नॉरवुड यांनी १९७५ मध्ये सुधारलेली सात टप्प्यांची, तर स्त्रियांसाठी लुडविग यांची १९७७ ची तीन टप्प्यांची श्रेणी. स्टायलिस्टसाठीच्या वर्णनात टप्प्याचा आकडा फारसा उपयोगी नाही. ‘तिसरा टप्पा’ वाचून कात्री कुठे धरायची ते कळत नाही. ‘दोन्ही कानशिलांवर केसरेषा मागे गेली आहे, मधला झुपका पुढे आहे, भोवऱ्याभोवतीची त्वचा दिसत नाही’ हे वाचून कळते.

भोवऱ्याने सर्वांत जास्त लोक फसतात. केस जिथून चक्राकार फुटतात तिथे प्रत्येकाच्या डोक्यावर थोडी त्वचा दिसतेच. नुसता भोवरा असेल तर त्वचेचा ठिपका लहान किंवा स्वल्पविरामासारखा असतो आणि भोवतीचे केस इतर डोक्यासारखेच लांब व जाड असतात. विरळपणा असेल तर मोकळी जागा लंबगोल पसरते, तिची कड पुसट असते आणि कडेला आखूड, मऊ केस दिसतात. शंका असेल तर केस दुसऱ्या दिशेने विंचरून पुन्हा छायाचित्र मागवावे. भोवऱ्याचा ठिपका त्याने झाकला जातो, विरळ जागा राहते.

कपाळाच्या आणि कानांच्या कडेने केस तुटलेले किंवा मागे गेलेले, पण अगदी कडेला बारीक केसांची झालर शिल्लक, असे दिसले तर घट्ट वेण्या, घट्ट पोनीटेल किंवा जोडकेस यांचा ताण असण्याचा संभव असतो. निदान न करताही स्टायलिस्टला ही जागा नेमकी सांगावी, कारण पुढचा ताण त्याच्याच हातून पडणार असतो.

एक उदाहरण

समजा, खांद्यापर्यंत लहरी केस असलेल्या एका स्त्रीची दोन छायाचित्रे आली आहेत. पहिले आंघोळीनंतरचे, फ्लॅश मारून काढलेले. त्यात माथा आणि भोवरा जवळजवळ मोकळे दिसतात. दुसरे वाळलेल्या केसांचे, खिडकीच्या प्रकाशातले, भांगाशेजारी कंगवा ठेवलेले. दुसऱ्यात भोवरा नेहमीचाच आहे. कंगव्याच्या दातांमधले अंतर मोजून घेतलेले असल्याने भांगाची रुंदीही काढता येते. मागचा भांग सुमारे ३ मिमी, माथ्यावरचा ५, आणि कपाळामागे बोटभर अंतरावर ९. म्हणजे भांग मागून पुढे त्रिकोणासारखा रुंदावतो, पण केसरेषा स्वतः शाबूत आहे. मुळाशी २ सेंमी पांढरे केस आहेत, त्यापुढे गडद तपकिरी रंग.

यावरून लिहायचे वर्णन असे: ‘केस लहरी, बहुतेक बारीक. मागे आणि बाजूंना झाकण चांगले. मधला भांग पुढे मागच्यापेक्षा तिप्पट रुंद, कडांना आखूड बारीक केस. केसरेषा अखंड. भोवरा सामान्य. त्वचा उजळ, केस गडद रंगवलेले, रंग लावून सुमारे दोन महिने. लालसरपणा किंवा खपल्या दिसत नाहीत. हे वर्णन दुसऱ्या छायाचित्रावरून. पहिले ओले आणि फ्लॅशचे असल्याने धरलेले नाही.’

शेवटचे वाक्य अनेक जण गाळतात, आणि मग स्टायलिस्ट पहिले छायाचित्र पाहून गोंधळतो. वर्णन हातात आल्यावर त्याचे निर्णय बरेचसे ठरतात. भांग मधून हलवायचा किंवा नागमोडी पाडायचा, माथ्यावर विरळ करायची कात्री लावायची नाही, टोके बोथट ठेवायची, आणि रंग एक-दोन छटा उजळ घ्यायचा म्हणजे त्वचेशी फरक कमी होईल. भांगाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक केसांना चिमट्याचे जोडकेस अडकवायचे नाहीत.

वर्णन कुठे थांबवायचे

ठळक कडेची, नाण्यासारखी गोल, गुळगुळीत जागा. त्वचेवर लाली, पू किंवा जाड खपल्या. किंवा केसांची छिद्रेच न दिसणारी चकचकीत त्वचा दिसली, तर ती जशी दिसते तशी लिहून ‘आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे’ एवढेच जोडावे. चाई आहे असे लिहू नये, जरी तसे वाटले तरी. चकचकीत त्वचेच्या बाबतीत उशीर महागात पडतो, कारण छिद्रे नष्ट झाली की तिथे केस परत येत नाहीत. अशा त्वचेवर रंग किंवा सरळ करण्याची रसायने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत.

बदल पाहायचा असेल तर तोच भांग, तोच प्रकाश आणि तेच अंतर ठेवून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा छायाचित्र घ्यावे. त्याआधी घेतलेल्या छायाचित्रांत दिसणारा फरक बहुधा प्रकाशाचा किंवा कंगव्याचा असतो.