ओठांवरची लव, ब्लीच आणि दोन दिवसांची वाट

ब्लीच लावल्याने केस जात नाही. तो जागेवरच राहतो, फक्त रंग बदलतो. काळी लव भुरी, मग पिवळसर होते आणि त्वचेच्या रंगात मिसळल्यामुळे नजरेत येत नाही. केसाचं मूळ त्वचेच्या आत काळंच असतं, त्यामुळे तीन-चार आठवड्यांत केस वाढला की बुडाशी पुन्हा काळेपणा दिसू लागतो. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंगमध्ये केस ओढून काढतात. ब्लीचमध्ये दुखत नाही, म्हणून तो सौम्य उपाय वाटतो. खरं तर सगळं काम रसायन करतं, आणि ते रसायन केस कुठला आणि कातडी कुठली हे ओळखत नाही.

डब्यात दोन वस्तू असतात, क्रीम आणि पांढरी पूड. बहुतेक कंपन्यांच्या क्रीममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार यांनी 1818 साली तयार केलेलं हेच द्रव्य आज जखम धुण्यापासून कापड पांढरं करण्यापर्यंत सगळीकडे आहे. ज्या पुडीला पार्लरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटर म्हणतात, तिच्यात सहसा पर्सल्फेटचे क्षार आणि मिश्रण अल्कधर्मी करणारे पदार्थ असतात. दोन्ही वेगवेगळे असताना फारसं काही घडत नाही. एकत्र आले की मिश्रणाच्या अल्कधर्मीपणाने केसाचं बाहेरचं खवल्यांचं आवरण सैल पडतं, पेरॉक्साइड आत शिरतं आणि केसाला काळेपणा देणारं मेलॅनिन तोडू लागतं. मेलॅनिनचा काळा-तपकिरी प्रकार लवकर तुटतो, तांबूस प्रकार चिवट असतो. जाड, काळ्या केसाचा रंग अर्ध्या वाटेत नारिंगी होऊन तिथेच थांबतो तो यामुळे. हनुवटीवरच्या राठ केसांवर ब्लीच केलं की ते लपायच्या ऐवजी ऊन पडल्यावर तांब्याच्या तारेसारखे चमकतात. त्यांच्यासाठी हा उपायच नाही.

आता वेळेचं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे. मिश्रण केसात शिरत असतं तेव्हाच ते त्वचेच्या वरच्या मृत पेशींच्या थरातही शिरत असतं. लव पिवळी व्हायला लागणारा वेळ आणि त्वचेची जळजळ सुरू व्हायला लागणारा वेळ यांत फार अंतर नसतं. पाकिटावरची मिनिटं याच अंतरात बसवलेली असतात. बऱ्याच डब्यांवर दहा ते पंधरा मिनिटं लिहिलेली असतात. ती मिनिटं ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नाही. ओठांवरची कातडी गालापेक्षा पातळ, म्हणून पाचव्या-सहाव्या मिनिटाला ओल्या कापसाने एका टोकाचं क्रीम पुसून बघायचं. लव भुरी झाली असेल तर तिथेच थांबायचं. अगदी पिवळीधमक व्हायला हवी असा हट्ट धरला की त्वचा लाल होते.

इंदूरसारख्या गावात याला उन्हाळ्याची जोड मिळते. मे महिन्यात माळव्यात पारा चाळिसाच्या वर जातो, आणि रासायनिक क्रिया उष्णतेत वेगाने होते. पंख्याच्या खोलीत, घाम आलेल्या चेहऱ्यावर तेच क्रीम थंडीतल्यापेक्षा लवकर आणि जास्त बोचतं. त्यात आधी वाफ घेतलेली असेल, चेहरा स्क्रबरने घासलेला असेल किंवा सकाळीच थ्रेडिंग केलेलं असेल, तर त्वचेचं वरचं कवच आधीच कमी झालेलं असतं. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा स्क्रब यानंतर निदान दोन दिवस ब्लीच करायचं नाही.

थोडीशी चुणचुण बहुतेकांना होते. ती वाढत जाऊन आग व्हायला लागली तर घड्याळाकडे न बघता धुवायचं. ‘जरा सहन कर, मग चेहरा छान उजळतो’ असं पार्लरमध्ये म्हणतात, तेव्हा बहुधा लगेच दिसणाऱ्या फिकटपणाबद्दल बोलत असतात. पेरॉक्साइडमुळे त्वचा थोडा वेळ पांढुरकी दिसू शकते, ते फार टिकत नाही. सहन केलेली आग मात्र टिकते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगपेशी तापट असतात. भाजलं, खाजवलं, सूज आली की त्या जादा मेलॅनिन बनवतात आणि लाली ओसरल्यावर त्या जागी तपकिरी डाग उरतो. तो जायला कित्येक महिने लागू शकतात. लव लपवायला म्हणून लावलेल्या क्रीमने वरच्या ओठावर मिशीसारखीच काळसर सावली उमटते ती अशी.

पॅच टेस्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण ती वाचायची कशी हे फारसं कुणी सांगत नाही. एक उदाहरण घेऊ. रामबागेतल्या एका घरात रविवारी साखरपुडा आहे. वहिनीने पहिल्यांदाच ब्लीचचा डबा आणला आहे आणि शनिवारी दुपारी नणंद म्हणते, “वहिनी, लावून टाकू या ना, दहा मिनिटांचं तर काम!” काम दहा मिनिटांचंच आहे, फक्त ते आधीच्या रविवारी सुरू व्हायला हवं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी वहिनीने पाकिटावरच्या प्रमाणातच चिमूटभर मिश्रण करायचं. पूड वाढवली की काम लवकर होतं हा समज खरा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. मिश्रण काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत, प्लास्टिकच्या चमच्याने करायचं. लोखंड-तांब्याच्या संपर्कात पेरॉक्साइड भराभर विघटित होतं. रुपयाच्या नाण्याएवढा भाग कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावायचा, चेहऱ्यावर ठेवणार तेवढीच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. उरलेलं मिश्रण फेकायचं. ते पुढच्या वेळेसाठी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवलं तर आतून ऑक्सिजन सुटत राहतो आणि झाकण उडू शकतं.

पहिलं वाचन लगेच आणि तासाभरात. हलकी लाली अर्ध्या-पाऊण तासात गेली तर ती निव्वळ चिडचिड. लाली टिकली, कातडी भाजल्यासारखी दुखली तर हे मिश्रण तिच्यासाठी तीव्र आहे. पण पित्ताच्या गांधींसारखे फुगवटे आले आणि खाज सुटली, तर ती पर्सल्फेटची तात्काळ अ‍ॅलर्जी असू शकते आणि मग चेहऱ्याचा विचारच सोडायचा. अशा वेळी ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

दुसरं वाचन सोमवारी संध्याकाळी, तिसरं मंगळवारी. हे का? अ‍ॅलर्जीचा एक प्रकार उशिरा बोलतो. त्यात शरीराच्या संरक्षक पेशी जमायला एक ते तीन दिवस घेतात. जागा आधी स्वच्छ दिसते आणि मग खाजरी, लाल, बारीक पाण्याच्या पुटकुळ्यांची होते. ‘रात्री लावलं, सकाळी काही नव्हतं’ एवढ्यावर समाधान मानणारी टेस्ट ही अ‍ॅलर्जी पकडतच नाही. मंगळवारपर्यंत जागा साफ राहिली तर वहिनीने बुधवारी ब्लीच करावं. काही लाली आलीच तर ती उतरायला रविवारपर्यंत चार दिवस हाताशी आहेत.

यातही एक मर्यादा आहे. शरीराला एखाद्या पदार्थाची उशिराची अ‍ॅलर्जी जडायलाच पहिल्या संपर्कानंतर दीड-दोन आठवडे लागतात. म्हणजे पहिल्या टेस्टला काही झालं नाही, तरी महिन्याने केलेल्या दुसऱ्या ब्लीचला प्रतिक्रिया येऊ शकते. ‘मी पाच वर्षं हेच लावते’ ही हमी नाही. नवा डबा आणला, कंपनी बदलली किंवा मध्ये बराच काळ गेला, तर टेस्ट पुन्हा करायची.

बुधवारी चेहऱ्यावर लावताना डोळे, भुवया, नाकपुड्या आणि ओठांची लाल कड सोडायची. ओठांवरचा भाग शेवटी लावायचा म्हणजे तिथे आपोआप कमी वेळ राहतो. गार पाण्याने धुवायचं, साबण नको. पुढचे दोन-तीन दिवस लिंबू, स्क्रब, तीव्र फेसवॉश बंद. आपल्याकडे मुली गाडीवर निघताना चेहऱ्याभोवती स्कार्फ गच्च बांधतात. उन्हासाठी ते बरंच, पण ताज्या ब्लीचवर घामट कापड घासलं की जळजळ परत येते. सुती, सैल आणि स्वच्छ ओढणी घ्यावी, आणि सनस्क्रीन लावावं.

मुळातच कुणी या वाटेला जाऊ नये? दमा असलेल्यांनी, हे मी सगळ्यांत आधी म्हणेन. पुडीतल्या पर्सल्फेटची धूळ श्वासात गेल्याने केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांना दमा जडल्याचं वैद्यकशास्त्राने नोंदवलं आहे. आपण महिन्यातून एकदा वापरतो हे खरं, पण दमेकऱ्याला तेवढाही झटका नको. चेहऱ्यावर इसब, फुटलेल्या पुटकुळ्या, ओठाजवळ आलेली नागीण किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असेल तर ती बरी होईपर्यंत थांबायचं. कोडाचे डाग असणाऱ्यांनी हे टाळावं, कारण त्वचेला इजा झालेल्या जागी नवा डाग येऊ शकतो. वांग असणाऱ्यांनीही टाळावं, कारण चिडलेल्या त्वचेवर वांग गडद होतो. मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलिन लावत असाल, तर त्वचेचा वरचा थर पातळ झालेला असतो. ते किती दिवस आधी थांबवायचं हे ज्यांनी दिलं त्या डॉक्टरांना विचारा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना तर ब्लीच नकोच.

आणि एक गट असा आहे जो स्वतःला यात धरत नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं, ‘गोरं करणारं’ क्रीम महिनोन्‌महिने लावणारे. त्यातल्या अनेकांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तिन्ही औषधं एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे कातडी पातळ होते, आणि सूज व लाली दाबली गेल्याने पॅच टेस्टही खोटी साफ येऊ शकते. ट्यूबवर ‘मोमेटासोन’, ‘बीटामेथासोन’ किंवा ‘फ्लुओसिनोलोन’ असं काही लिहिलं असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

भाजलंच, तर निदान वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि वर साधी पेट्रोलियम जेली. हळद, टूथपेस्ट, लिंबू आणि घरात पडून असलेली कुठलीही ट्यूब नको. फोड आले, डोळ्यात गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर डॉक्टर. डाग उरला तर तो झाकायला पुन्हा ब्लीच करू नये.

हनुवटीवर, जबड्याखाली राठ केस नव्याने वाढले असतील आणि सोबत पाळी अनियमित झाली असेल, तर ब्लीचच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. तिथे प्रश्न केसाच्या रंगाचा नसतो, हार्मोनचा असतो.