पन्नास लाखांत एक: फर्मी लेव्हल सरकण्यामागची गोष्ट

नागपुरात मे महिन्यात पारा 27 वरून 45 वर जातो तेव्हा तांब्याच्या तारेचा रोध किंचित वाढतो आणि शुद्ध सिलिकॉनचा मात्र जवळजवळ पाव होतो. हे उलटं वागणं फॅरडेने 1833 मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपलं होतं. कारण सापडायला पुढं जवळपास शंभर वर्षं गेली.

अडचण नमुन्यांची होती. एकाच पदार्थाचे दोन तुकडे वेगवेगळे आकडे देत. पाउलीने 1931 मध्ये पत्रातून सहकाऱ्याला बजावलं होतं की सिलिकॉनसारख्या या सेमीकंडक्टरच्या वाट्याला जाऊ नकोस, तो नुसता चिखल आहे. त्याच वर्षी ॲलन विल्सनने उत्तर मांडलं. घन पदार्थात इलेक्ट्रॉनना ठरावीक ऊर्जांचे पट्टे, म्हणजे बँड, मिळतात. काठोकाठ भरलेल्या बँडमध्ये डावीकडे जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे उजवीकडे जाणारा एक असतो, म्हणून प्रवाह शून्य. हा भरलेला व्हॅलन्स बँड, त्याच्या वरचा कंडक्शन बँड रिकामा आणि मधली दरी अरुंद असेल, तर उष्णतेने थोडे इलेक्ट्रॉन वर उडी घेतात आणि खाली रिकामी जागा, म्हणजे होल, ठेवून जातात. दोन्हींची संख्या सारखी, म्हणून फर्मी लेव्हल दरीच्या जवळपास मध्यावर. ही लेव्हल म्हणजे इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता निम्मी असते ती ऊर्जा. तिथं इलेक्ट्रॉन बसायला जागा असेलच असं नाही. वर्गात मुलं इथंच अडखळतात.

अशुद्धीचा हा चिखल नेमका किती, हे बेल लॅबमध्ये 1940 च्या सुमारास उमगलं. सिलिकॉनच्या एकाच ठोकळ्याचे दोन भाग उलट वागत होते. मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असलेला, म्हणजे एन प्रकारचा भाग कापताना कार्बाइडच्या दिव्यासारखा वास यायचा. तो फॉस्फीनचा होता. उपकरणांना न दिसलेला फॉस्फरस नाकाला सापडला!

आता हिशोब करू. 27 अंशांना शुद्ध सिलिकॉनमध्ये घन सेंटिमीटरला सुमारे 10<sup>10</sup> मोकळे इलेक्ट्रॉन असतात आणि अणू 5×10<sup>22</sup>. त्यात फॉस्फरसचे 10<sup>16</sup> अणू घाला, म्हणजे पन्नास लाखांत एक. प्रत्येक अणूचा पाचवा इलेक्ट्रॉन सुटतो, मोकळे इलेक्ट्रॉन दहा लाख पट होतात. अशी मुद्दाम केलेली भेसळ म्हणजे डोपिंग. शुद्ध सिलिकॉनमधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनची संख्या `n_i`, भेसळीनंतरची `n`, फर्मी लेव्हल `E_F` आणि तिची शुद्ध सिलिकॉनमधली, दरीच्या मध्याजवळची जागा `E_i` धरली, तर:

`E_F − E_i = kT ln(n/n_i) = 0.0259 × 13.8 ≈ 0.36 eV`

दरी 1.12 eV ची, तिचा अर्धा 0.56. म्हणजे फर्मी लेव्हल कंडक्शन बँडच्या खाली जेमतेम 0.20 eV वर येऊन थांबते. एक इलेक्ट्रॉन कमी असलेला बोरॉन तेवढाच घातला तर ती तितकीच खाली, व्हॅलन्स बँडकडे जाते. लॉगॅरिदममुळे दहापट डोपिंगला फक्त 0.06 eV मिळतात.

आणि आपला उन्हाळा? 45 अंशांना `n_i` साधारण पावणेचार पट होतो. शुद्ध तुकड्याचा रोध उतरतो तो यामुळेच. डोप केलेल्या तुकड्यात मात्र फॉस्फरसचेच इलेक्ट्रॉन इतके जास्त असतात की फर्मी लेव्हल 0.36 वरून 0.34 वर, एवढीच मध्याकडे ढळते. काही शे अंशांना `n_i` फॉस्फरसला गाठतो, तेव्हा ती पार मध्याशी परतते आणि डोपिंग असून नसल्यासारखं होतं.