समरूप मॅट्रिक्स आणि त्यांची आयगेनमूल्ये

A आणि B या दोन n×n चौरस मॅट्रिक्स असतील आणि B = P⁻¹AP हे समीकरण पाळणारी एखादी व्यस्तक्षम मॅट्रिक्स P सापडत असेल, तर A आणि B यांना समरूप म्हणतात. समरूप मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये सारखीच असतात. शब्द ओळखीचा असला तरी शाळेतले समरूप त्रिकोण इथे डोळ्यांसमोर आणू नयेत. तिथे आकार तोच राहून माप बदलते. इथे मूळ वस्तूत काहीच बदलत नाही, फक्त ती कुठल्या निर्देशकांत लिहिली आहे ते बदलते.

मूळ वस्तू म्हणजे रूपांतरण. एका सदिशाला दुसऱ्या सदिशावर नेणारी ही क्रिया असते आणि मॅट्रिक्स ही तिची नोंद. नोंद करायची तर आधी आधार, म्हणजे बेसिस, ठरवावा लागतो. आधारातल्या प्रत्येक सदिशाचे रूपांतरण काढायचे, उत्तर त्याच आधारात मांडायचे आणि मिळालेले आकडे एकेका स्तंभात भरायचे. आधार बदलला की आकडे बदलणारच. पण रूपांतरणाने एखादा सदिश आपल्याच रेषेवर ठेवून पाचपट केला असेल, तर तो पाचपटच झालेला असतो, मग त्याचे निर्देशक कोणी कसेही लिहोत. ही ‘किती पट’ म्हणजेच आयगेनमूल्य. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द ‘स्वतःचा’ या अर्थाचा आहे. गणितात तो डाव्हिड हिल्बर्ट यांच्या १९०४ सालच्या लेखनातून रुळला.

हे प्रत्यक्ष आकड्यांत पाहू. नेहमीच्या आधारात, म्हणजे (1, 0) आणि (0, 1) यांच्यात, एका रूपांतरणाची मॅट्रिक्स अशी आहे:

```
A = | 4  1 |
    | 2  3 |
```

A ने (1, 1) चे (5, 5) होते, म्हणजे पाचपट. (1, -2) चे (2, -4) होते, म्हणजे दुप्पट. तेव्हा आयगेनमूल्ये ५ आणि २.

आता आधार बदलू. पहिला सदिश (1, 0) तसाच ठेवू आणि दुसरा (0, 1) ऐवजी (1, 1) घेऊ. नव्या आधारातले सदिश स्तंभ म्हणून लिहिले की P मिळते:

```
P = | 1  1 |      P⁻¹ = | 1  -1 |
    | 0  1 |            | 0   1 |
```

P आणि P⁻¹ यांच्या दिशेत घोळ होतो तो इथेच. P ला नव्या आधारातले निर्देशक द्यावेत, ती जुने निर्देशक परत करते. P⁻¹ याच्या उलट काम करते. त्यामुळे P⁻¹AP हे उजवीकडून डावीकडे वाचायचे: नवे निर्देशक आधी जुन्या भाषेत आणा, मग A लावा, मग उत्तर परत नव्या भाषेत न्या. गुणाकार केला की हे मिळते:

```
B = P⁻¹AP = | 2  0 |
            | 2  5 |
```

P⁻¹AP हे सूत्र बाजूला ठेवूनही B चे स्तंभ थेट तपासता येतात. (1, 0) ला A लावल्यावर (4, 2) मिळते. नव्या आधारात ते पहिल्या सदिशाच्या दुप्पट अधिक दुसऱ्याच्या दुप्पट आहे, म्हणून पहिला स्तंभ 2, 2. (1, 1) चे (5, 5) होते, म्हणजे पहिला सदिश शून्य वेळा आणि दुसरा पाच वेळा, म्हणून दुसरा स्तंभ 0, 5. B त्रिकोणी असल्यामुळे तिची आयगेनमूल्ये कर्णावरच दिसतात: २ आणि ५.

एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, पण सिद्धताही लांब नाही. समजा Av = λv आणि v शून्य नाही. तोच सदिश नव्या निर्देशकांत w = P⁻¹v असा लिहिला जाईल. मग

Bw = P⁻¹AP·P⁻¹v = P⁻¹Av = λP⁻¹v = λw

मधले P आणि P⁻¹ एकमेकांना खाऊन टाकतात, आणि λ ही नुसती संख्या असल्यामुळे P⁻¹ च्या पलीकडे सहज निघून येते. P⁻¹ व्यस्तक्षम असल्याने w शून्य होत नाही. वरच्या उदाहरणात (1, -2) चे नवे निर्देशक (3, -2) येतात. B ने त्यांचे (6, -4) होते, पुन्हा दुप्पटच. म्हणजे आयगेनसदिशाचे निर्देशक बदलतात, आयगेनमूल्य बदलत नाही. समरूप मॅट्रिक्सचे आयगेनसदिशही सारखेच असतात, असे उत्तरपत्रिकेत लिहिणारे बरेच सापडतात. ते चूक आहे.

पाठ्यपुस्तकांत बहुधा दुसरी सिद्धता असते, निश्चयकाची. B - λI म्हणजे P⁻¹AP - λI. यातली खुबी λI मध्ये आहे. एकक मॅट्रिक्स प्रत्येक आधारात तशीच दिसते, म्हणून λI च्या जागी P⁻¹(λI)P लिहिता येते. मग B - λI = P⁻¹(A - λI)P होते. गुणाकाराचा निश्चयक म्हणजे निश्चयकांचा गुणाकार, आणि det P⁻¹ व det P यांचा गुणाकार १, म्हणून det(B - λI) = det(A - λI). आपल्या A आणि B या दोन्हींची लाक्षणिक बहुपदी λ² - 7λ + 10 आहे. या वाटेने थोडे जास्त हाती लागते: एखादे मूल्य बहुपदीत किती वेळा मूळ म्हणून येते, तेही दोन्हीकडे सारखे ठरते. त्यातून निश्चयक (१०) आणि कर्णावरील संख्यांची बेरीज (७) सारखी असल्याचे आपोआप निघते. माझ्या मते मात्र ‘का’ हे पहिल्या सिद्धतेत दिसते. दुसरी पटवते, पण दाखवत नाही.

आधार बदलणे म्हणजे काही वेळा नुसते एकक बदलणे असते. पहिला निर्देशक रुपयांत होता, तो पैशांत लिहायचा ठरवला, तर तो शंभरपट होतो. A ची नवी नोंद अशी:

```
| 4     100 |
| 0.02    3 |
```

कर्णाबाहेरच्या १ चे १०० झाले आणि २ चे ०.०२, पण त्यांचा गुणाकार २ च राहिला, म्हणून निश्चयक अजूनही १२ - २ = १० आहे. कर्णावरच्या संख्या हलल्याच नाहीत. ‘पाचपट’ याला एकक नसते, मग ते रुपये-पैशांनी बदलेल कसे?

हे सगळे एका अटीवर उभे आहे: आत जाणारा सदिश आणि बाहेर येणारा सदिश एकाच आधारात लिहिलेले हवेत. डावीकडे P⁻¹ आणि उजवीकडे P अशी जोडी लागते ती यासाठीच. ही जोडी तुटली की आयगेनमूल्ये हातची गेली. नेहमी होणारी चूक म्हणजे ओळींवरच्या क्रिया करून मॅट्रिक्स त्रिकोणी करायची आणि कर्णावरून आयगेनमूल्ये वाचायची. A च्या दुसऱ्या ओळीतून पहिलीची निमपट वजा केली की दुसरी ओळ 0, 2.5 होते, आणि कर्णावर ४ आणि २.५ येतात. गुणाकार १० आल्यामुळे सगळे बरोबर वाटते, पण बेरीज ७ ऐवजी ६.५ भरते. चूक पकडायला ही बेरीज पुरते. ओळींवरची क्रिया म्हणजे फक्त डावीकडून गुणणे, त्यात बाहेर येणाऱ्या सदिशाचा आधार बदलतो आणि आत जाणाऱ्याचा जुनाच राहतो. उजवीकडूनही व्यस्त क्रिया केली, म्हणजे दुसऱ्या स्तंभाची निमपट पहिल्या स्तंभात मिळवली, तर हे येते:

```
| 4.5   1   |
| 1.25  2.5 |
```

आता बेरीज ७, निश्चयक ११.२५ - १.२५ = १०. आयगेनमूल्ये परत आली, पण त्रिकोण मोडला. असा फुकटचा त्रिकोण मिळत नाही.

PᵀAP हे रूप दिसायला जवळचे असले तरी वेगळे आहे. द्विघाती रूपांमध्ये चल बदलताना तेच येते, आणि त्यात आयगेनमूल्ये टिकतातच असे नाही. एकक मॅट्रिक्स घेऊन P च्या कर्णावर २ आणि १ ठेवले, तर १, १ ऐवजी ४, १ मिळतात. सममित वास्तव मॅट्रिक्समध्ये धन, ऋण आणि शून्य आयगेनमूल्ये किती आहेत एवढेच तिथे टिकते. हा जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांचा १८५२ सालचा नियम. P ऑर्थोगोनल असेल, म्हणजे Pᵀ हीच P⁻¹ असेल, तेव्हा मात्र दोन्ही रूपे एकच होतात.

समरूपतेने सगळेच टिकते असेही नाही. A मधल्या संख्यांच्या वर्गांची बेरीज ३० आहे, B मध्ये ती ३३. लांबी आणि कोन यांच्याशी निगडित राशी आधार तिरका घेतला की बदलतात. उलट बाजूने पाहिले, तर आयगेनमूल्ये सारखी म्हणून मॅट्रिक्स समरूप असतील असेही म्हणता येत नाही. कर्णावर दोन्हीकडे २ असलेल्या या दोन मॅट्रिक्स पाहा:

```
| 2  0 |      | 2  1 |
| 0  2 |      | 0  2 |
```

दोन्हींची बहुपदी (λ - 2)². पण पहिली प्रत्येक सदिशाला दुप्पट करते, म्हणून कोणताही आधार घ्या, तिची नोंद तशीच राहते: P⁻¹(2I)P = 2I. दुसरीत फक्त आडव्या अक्षावरचेच सदिश आपल्या रेषेवर राहतात. अशा दोन मॅट्रिक्समधला फरक जॉर्डन रूपात, म्हणजे आधार बदलून गाठता येणाऱ्या जवळजवळ कर्णरूप नोंदीत, उघडा पडतो. आयगेनमूल्ये सगळी वेगवेगळी असतील तर मात्र ही अडचण येत नाही. तेव्हा (लागल्यास संमिश्र संख्या घेऊन) दोन्ही मॅट्रिक्स एकाच कर्णरूपाला समरूप असतात.

संगणकावर आयगेनमूल्ये काढताना बहुपदीची मुळे शोधत बसत नाहीत, समरूपतेचाच वापर करतात. पाच किंवा अधिक घाताच्या बहुपदीला मुळे काढणारे सर्वसाधारण सूत्र नाही, म्हणून ठरावीक पायऱ्यांत त्रिकोणी रूप गाठता येत नाही. पुन्हा पुन्हा आधार बदलत त्याच्या जवळ सरकावे लागते. ब्रिटनमध्ये जॉन फ्रान्सिस आणि सोव्हिएत संघात वेरा कुब्लानोव्स्काया यांनी १९६१ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलेली क्यूआर पद्धत हेच करते. A चे Q गुणिले R असे अवयव पाडायचे, Q ऑर्थोगोनल आणि R त्रिकोणी, आणि मग ते उलट क्रमाने गुणायचे. R = Q⁻¹A असल्यामुळे RQ = Q⁻¹AQ, म्हणजे नवी मॅट्रिक्स जुनीला समरूपच.

इथे Q ऑर्थोगोनल ठेवण्याला कारण आहे. कागदावर कोणतीही व्यस्तक्षम P चालते, पण संगणकाकडे प्रत्येक संख्येचे सुमारे सोळाच अंक असतात. P चे स्तंभ जवळजवळ एकाच दिशेचे असतील, तर P⁻¹ मधल्या संख्या प्रचंड होतात आणि पूर्णांकनातली बारीक चूक त्याच पटीत फुगते. चूक जास्तीत जास्त किती पट फुगू शकते याचे माप म्हणजे कंडिशन नंबर. P चा कंडिशन नंबर १०⁸ च्या घरात असेल तर सोळातले आठएक अंक सहज वाया जाऊ शकतात. ऑर्थोगोनल मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर १ असतो. ती सदिश फिरवते किंवा उलटवते, लांबवत नाही, आणि त्यामुळे चुकाही लांबवत नाही.