सातशे पाकिटांची ऑफर

कोथरूडमधल्या माझ्या मैत्रिणीचा थालीपीठ भाजणीचा छोटा व्यवसाय आहे. अर्ध्या किलोचं पाकीट १८० रुपयांना. दळण, माणसं, पॅकिंग धरून खर्च १२०, म्हणजे पाकिटामागे ६० रुपये सुटतात. तिच्या कोथरूडच्या दुकानात महिन्याला साधारण ४०० पाकिटं खपतात. गेल्या वर्षी तिने महिनाभर ‘३० रुपये कमी’ असा बोर्ड लावला आणि ७०० पाकिटं गेली. त्या आनंदात आम्हाला मिसळही मिळाली.

मिसळ पचल्यावर मी तिची वही मागितली. (आकडे सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.) पुढच्या महिन्यात खप २९०, त्याच्या पुढच्या महिन्यात ३३०. तिच्याच सिंहगड रोडच्या दुकानात ऑफर नव्हती, तिथला खप तिन्ही महिने जवळपास नेहमीइतकाच होता. तेव्हा पाऊस किंवा सुट्ट्यांवर खापर फोडता येईना. ऑफर नसती तर कोथरूडला काय झालं असतं, याचा अंदाज अशा दुसऱ्या दुकानामुळेच येतो. नुसती ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना फसवते.

आता बेरीज करा. ऑफर नसती तर तीन महिन्यांत १२०० पाकिटं गेली असती, प्रत्यक्षात १३२० गेली. पहिल्या महिन्यात ३०० वाढली असं दिसलं, पण त्यातली १८० पाकिटं पुढच्या दोन महिन्यांकडून उसनी आणलेली होती. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी स्वस्तात तीन-तीन पाकिटं डब्यात भरून ठेवली, एवढंच. भाजणी टिकते म्हणून हे जमतं. दुधाच्या पिशव्यांचा असा साठा कोण करणार? नफ्याचं चित्र आणखी वाईट. ऑफरविना ७२,००० रुपये सुटले असते. ऑफरच्या महिन्यात पाकिटामागे ३० प्रमाणे २१,००० आणि पुढच्या ६२० पाकिटांचे ३७,२०० मिळून ५८,२०० झाले. निम्मा नफा सोडायचा तर त्या महिन्यात खप दुप्पट, म्हणजे ८००, व्हायलाच हवा होता. तोही पुढे घट येणार नाही असं धरून.

हे झालं वहीतलं नुकसान. दुसरं वहीत दिसत नाही. चौथ्या महिन्यात एका काकूंनी पाकीट हातात घेतलं, उलटं करून किंमत पाहिली आणि परत ठेवलं. “दीडशेला कधी देणार पुन्हा?” प्रत्येकाच्या मनात वस्तूचा एक भाव ठरलेला असतो. संशोधक त्याला संदर्भ किंमत म्हणतात. सवलत वारंवार दिली की १५० हाच खरा भाव वाटू लागतो आणि १८० म्हणजे लूट. अँडरसन आणि सिमेस्टर या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅटलॉग-विक्रीच्या प्रयोगांत सवलत जास्त खोल केल्यावर नव्या गिऱ्हाइकांची पुढची खरेदी वाढली, जुन्यांची मात्र घटली. मैत्रिणीच्या दुकानात येणारे बहुतेक जुनेच.

ही सवय लागली की सोडवणंही महाग पडतं. अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपन आणि सेलची रेलचेल बंद करून रोजच कमी भाव ठेवले. हिशेबाने गिऱ्हाइकाचं फारसं बिघडत नव्हतं. तरी त्या एका वर्षात विक्री साधारण एक चतुर्थांशाने कोसळली आणि एप्रिल २०१३ मध्ये मुख्य अधिकाऱ्याला जावं लागलं. लोकांना कमी किमतीइतकीच ‘वाचवल्याची’ खूण हवी होती.

कूपनचं गणित थोडं बरं असतं. पाकिटावर १८० कायम राहतात आणि सवलत त्यालाच मिळते, जो कागद कापून जपतो आणि आठवणीने घेऊन येतो. पण तिनं कूपन पाकिटातच घातली असती, तर ती पुन्हा जुन्याच गिऱ्हाइकांना मिळाली असती. मेतकुटाची पुडी फुकट जोडायचं तिच्या मनात होतं, मी नको म्हटलं. भाजणीचा भाव शाबूत राहिला असता, पण मेतकूट फुकट मिळायची गोष्ट झाली असती, आणि तेही ती विकते.

शेवटी तिने दुकानाबाहेर तवा लावला. शनिवार-रविवार मिळून चाळीस थालीपिठं, प्रत्येकाचे आठ तुकडे, वर लोण्याचा गोळा. भाजणी, लोणी, गॅस आणि एका मुलीची मजुरी धरून खर्च सुमारे २,५०० रुपये. ४५ नव्या लोकांनी पूर्ण भावात पाकीट घेतलं, म्हणजे २,७०० रुपये सुटले. खर्च जेमतेम निघाला. तिने त्यांचे फोन नंबर टिपले होते, त्यामुळे दोन महिन्यांनी कळलं की १८ जण पुन्हा आले होते, १८० देऊन. भाजणीची चव एका घासात कळते म्हणून हे साधलं. केसांच्या तेलाचा गुण असा तव्यावर दाखवता येत नाही.

गळती इथेही आहेच. मागच्या शनिवारी गेले तेव्हा त्याच काकू तव्यापाशी उभ्या होत्या. तिसरा तुकडा संपवत मला म्हणाल्या, “घरी आहे गं दोन पाकिटं, पण हे आयतं गरम मिळतंय ना!”